पत्रिका उघडण्याआधी ठरवायची गोष्ट

*ताई, मी २८ वर्षांची आहे. मी आणि माझा मित्र तीन वर्षं एकत्र आहोत आणि आता दोन्ही घरी लग्नाचं बोलायचं ठरवलं आहे. पत्रिका जुळवल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आईबाबांचा आग्रह नाही, माझाच आहे. माझ्या मावशीनं पत्रिका न बघता लग्न केलं आणि दोन वर्षांत ते मोडलं, मी ते जवळून बघितलंय. त्याचा यावर अजिबात विश्वास नाही. जन्मतारीख मला माहीत आहे, पण वेळ विचारली की म्हणतो, "तीन वर्षांत मी तुला कळलो नाही, आणि कागद बघून कळणार?" मी म्हणते, विश्वासच नाही तर वेळ सांगायला काय जातं? रोज इथेच भांडण. त्याच्या आईशी माझं छान जमतं. त्यांच्याकडून हळूच वेळ विचारून पत्रिका दाखवून आणू का? जुळली तर त्याला सांगायचीसुद्धा गरज नाही.*

त्याच्या आईकडून वेळ घेऊ नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीचं सावकाश बोलता येईल, पण हे तू येत्या रविवारीही करून बसशील. एकदा परस्पर दाखवलीस की तुझ्या हातात एक निकाल येईल आणि तो कुठून आला हे त्याला सांगायची सोय राहणार नाही. जुळली तर तू गप्प राहशील, आणि कधीतरी सणावाराला त्याच्या आईच बोलून जातील, "हिनं तर तेव्हाच माझ्याकडून वेळ विचारून घेतली होती." आणि नाही जुळली तर? तुझं पत्र मी त्यासाठी पुन्हा वाचलं. जुळली तर काय, ते तू लिहिलं आहेस. न जुळली तर काय, यावर एक शब्द नाही. माझ्या मते तुमचं सगळं भांडण त्या न लिहिलेल्या वाक्यावरून चाललं आहे, आणि जन्मवेळ हे त्याचं निमित्त आहे.

वेळ सांगायला काय जातं, असं तू विचारतेस. त्याचं पुष्कळ जातं गं. शनी-मंगळाला तो घाबरत नसेल, पण तुझ्या नकाराला घाबरायला त्याच्याकडे पूर्ण कारण आहे. त्याच्या लेखी ज्याला काही अर्थ नाही अशा आकड्यावर तू त्याला नाही म्हणू शकतेस, आणि तसं झालं तर त्याला बाजू मांडायलाही जागा नाही. त्याच्या स्वभावावर, पगारावर, घरच्यांवर तुझा आक्षेप असता तर तो काही बोलू शकला असता, बदलू शकला असता. जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता यावर तो काय बोलणार?

माझं मत विचारशील तर पत्रिकेवरून संसाराचं भविष्य कळतं असं मला वाटत नाही. २००८ च्या सुमारास जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांसाठी एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण नाणेफेक केली असती तर आलं असतं त्याच्या वर गेलं नाही. ही चाचणी गुणमेलनाची नव्हती, हेही सांगायला हवं. पण माझं मत घेऊन तू त्याच्याकडे जावंस किंवा त्यानं ते तुझ्या तोंडावर फेकावं, यासाठी मी हे लिहीत नाही. तुझी श्रद्धा तुझी आहे. मला एवढंच दाखवायचं आहे की ज्यावर तू सगळं टांगून ठेवणार आहेस ते नेमकं काय आहे, कारण गुणमेलन मागणाऱ्या फार थोड्या मुलींनी ते उघडून बघितलेलं असतं.

पंचांगाच्या मागे असलेलं गुणमेलनाचं कोष्टक फक्त दोन गोष्टींवर चालतं, दोघांचं जन्मनक्षत्र आणि दोघांची चंद्ररास. ३६ गुण आठ भागांत वाटलेले असतात: वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशीकूटाला ७ आणि नाडीला ८. अठराच्या वर आले की जमतं म्हणतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे नक्षत्र बदलायच्या सुमाराचा जन्म सोडला तर तारीख आणि ढोबळ वेळ, सकाळ की रात्र, एवढ्यावरही गुण निघतात. मिनिटापर्यंतची जन्मवेळ लागते ती मुख्यतः लग्नरास, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास काढायला, कारण ती साधारण दर दोन तासांनी बदलते, आणि त्या लग्नराशीवरून मंगळ बघतात. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच स्थानं! म्हणजे ढोबळमानानं पाचांतले दोघे मंगळाचे निघणारच.

नाडीचंही तसंच आहे. २७ नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट, आद्य, मध्य आणि अंत्य. दोघं एकाच गटातले निघाले की आठांपैकी शून्य आणि वर एकनाडीचा दोष. डोळे मिटून कुठलाही मुलगा आणि कुठलीही मुलगी निवडली तरी दर तीन जोड्यांतली साधारण एक एकनाडी असते. हे लक्षात ठेव, कारण तू पत्रिका दाखवायला जाशील तेव्हा "दोष आहे" हे ऐकण्याची शक्यता मुळीच थोडीथोडकी नाही. ते ऐकून काय करायचं हे तिथल्या चटईवर बसून ठरवता येत नाही.

मी ज्या जोडप्याबरोबर काम केलं त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलले आहेत, नक्षत्रं तीच ठेवली आहेत. मुलीचं हस्त, रास कन्या. मुलाचं आर्द्रा, रास मिथुन. मुलीची श्रद्धा, मुलाची नाही, पण तो तुझ्या मित्रासारखा अडून बसला नव्हता. "बघ काय बघायचं ते," म्हणत त्यानं वेळसुद्धा लिहून दिली. न जुळली तर काय, हे दोघांनीही बोलून घेतलं नाही. मुलीला वाटलं, जुळणारच. मुलाला वाटलं, हिला एवढंच हवंय ना, होऊन जाऊ दे.

पहिल्या गुरुजींनी साडेबावीस गुण सांगितले. दोन्ही राशींचा स्वामी बुध, म्हणून ग्रहमैत्रीचे पाचही मिळाले. राशी एकमेकींपासून चौथी-दहावी, म्हणून राशीकूटाचे सातही मिळाले. अठराच्या पुष्कळ वर. पण हस्त आणि आर्द्रा दोन्ही आद्य नाडीची. गुरुजी म्हणाले, गुण चांगले आहेत, पण संततीला त्रास दिसतो, बघा विचार करून.

मुलीची आई दुसऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, राशीस्वामी एकच आहे, बुध आहे, इथे नाडीदोष धरतच नाहीत. तिसरे म्हणाले, दोष आहेच, पण नाडीशांत करून घ्या, दान करा, मग हरकत नाही. कागद एक, आकडे एक, आणि उत्तरं तीन. या शास्त्रात दोषाइतकेच परिहारही लिहिलेले आहेत, आणि कोणता परिहार कोण मानतं हे घराण्याघराण्यावर आहे. इतकंच काय, टिळक पंचांग आणि इतर बहुतेक पंचांगं यांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची त्या आकड्यात, जवळपास चार अंशांचा फरक आहे, आणि नक्षत्र असतं तेरा अंश वीस कलांचं. त्यामुळे एकाच मुलाचं नक्षत्र एका पंचांगानं एक आणि दुसऱ्यानं त्याच्या शेजारचं निघू शकतं. शेजारचं नक्षत्र बऱ्याचदा वेगळ्या नाडीचं असतं.

तर त्यांनी शांत केली. मुलगा पाटावर बसला, सांगितलं ते सगळं केलं, आणि लग्न झालं. इथपर्यंत ऐकून तुला वाटेल, मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी बिघडलं. त्या पाटावर बसल्याबद्दल तो मला म्हणाला, "मी नापास झालो होतो आणि मला ग्रेसचे मार्क देऊन वर ढकललं." ज्या घरात तो जावई म्हणून गेला तिथे आपण जरा कमी आहोत, खपवून घेतलेले आहोत, असं त्याला वाटत राहिलं, आणि ते तो कुणाला बोलला नाही. दुसरं त्याहून वाईट होतं. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले आणि दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही साधारण १० ते १५ टक्के गर्भ टिकत नाहीत, बहुतेक वेळा गर्भाच्याच गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे, आणि त्यात आईनं किंवा वडलांनी काही केलेलं नसतं. डॉक्टरांनी तिला हे सांगितलं होतं. पण तिच्या डोक्यात पहिल्या गुरुजींचं वाक्य बसलं होतं. शांत केली तेव्हा काहीतरी कमी पडलं का, की हे लग्नच करायला नको होतं, हे तिनं नवऱ्याला विचारलं नाही, आठ महिने एकटीनं सोसलं. माझ्याकडे आली तेव्हा ते पहिल्यांदा बोलली, आणि तो शेजारी बसून पहिल्यांदा ऐकत होता.

म्हणून माझं सांगणं असं आहे की पत्रिका दाखवायची का, हा प्रश्न तुमच्यासाठी दुसरा आहे. पहिला प्रश्न तुझा एकटीचा आहे, आणि त्याला तू अजून हात घातलेला नाहीस. एक संध्याकाळ एकटी बस. गुरुजी म्हणाले आहेत, "एकनाडी आहे, करू नका," असं समज. आता खरं सांग, तू त्याला सोडशील?

सोडणार नसशील, तर पत्रिका तुला निर्णयासाठी नको आहे. तुला कुणीतरी "होईल सगळं नीट" म्हणायला हवं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लग्नाआधी बहुतेकांना ते हवं असतं. पण मग त्याच्याशी बोलायचं वाक्यच बदलतं. "वेळ दे" याऐवजी तू म्हणू शकतेस, "काहीही निघालं तरी मी तुझ्याशीच लग्न करणार आहे. मला भीती वाटते आणि दाखवल्यानं ती थोडी कमी होईल असं वाटतं. निघालेलं मी तुझ्या विरोधात कधी काढणार नाही, आणि तुला कुठल्याही शांतीला बसायला सांगणार नाही." हे वाक्य तू मनापासून म्हणू शकलीस तर तो वेळ देईल असं मला वाटतं. आणि हे म्हणताना तुझी जीभ अडली, तर तुझं तुलाच कळेल की उत्तर दुसरं आहे. मात्र एक बघ. वाईट काही निघालं तर ते विसरता येईल अशी तू आहेस का? मघाची मुलगी नव्हती. तू पण नसशील तर न दाखवणंच बरं, आणि हे मी तुझ्या श्रद्धेचा मान ठेवूनच म्हणते, कारण जिचा विश्वास आहे तिलाच हे वाक्य जन्मभर टोचतं. त्याला नाही टोचणार.

सोडशील, असं उत्तर आलं, तर तेही त्याला आत्ता सांगायला हवं, पत्रिका दाखवल्यावर नाही. "जुळली नाही तर मी हे लग्न करू शकणार नाही," हे ऐकणं त्याला अवघड जाईल, पण मग वेळ द्यायची की नाही हे तो डोळे उघडे ठेवून ठरवेल. त्या परिस्थितीत त्यानं नाही म्हटलं तर तो हट्टी आहे असं मी म्हणणार नाही. आणि मग कुणाकडे दाखवायची, कोणत्या पंचांगानं, हे आधी दोघांनी ठरवून एकाच ठिकाणी जा. नाही जुळली म्हणून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, जुळेपर्यंत फिरायचं असेल, तर तू त्याला खरं तर सोडणार नाहीस, हे मान्य कर आणि वरच्या परिच्छेदाकडे परत जा. वेळ पुढेमागे करून पत्रिका बसवून देणारेही भेटतात. तिकडे तर अजिबात जाऊ नकोस, कारण तुझा ज्यावर विश्वास आहे त्यालाच ते खोटं पाडतात.

मावशीबद्दल. तू तिचं लग्न मोडताना पाहिलंस, आणि घरात त्याचं कारण म्हणून एकच गोष्ट तुला ऐकू आली असणार. घरातली मोठी माणसं अशा वेळी सगळं मुलींसमोर बोलत नाहीत. आता तू मोठी झाली आहेस, मावशीलाच विचार. तिला नेमकं काय सहन झालं नाही, लग्नाआधी काय दिसत होतं आणि तिनं दुर्लक्ष केलं, हे ती तुला सांगेल. ते उत्तर तुझ्या कामाचं आहे. आणि तुझ्याच आईकडची आणि बाबांकडची सगळी लग्नं एका कागदावर लिहून बघ, पत्रिका बघून झालेली आणि न बघता झालेली. त्यांतली कोणती सुखाची, कोणती नुसती टिकलेली, कोणती मोडलेली, हे तुला बाहेरच्या कुणापेक्षा जास्त माहीत आहे. निष्कर्ष मी काढून देत नाही. मावशीचं एकच लग्न समोर ठेवून तू बसली आहेस, बाकीचीही ठेव.

नाडीची भीती संततीची असते, आणि तुझ्या मनात ती असेल तर तिच्यासाठी वेगळा रस्ता आहे. "एक नाडी म्हणजे एक रक्तगट" असं हल्ली पुष्कळ जण सांगतात. ते चुकीचं आहे. रक्तगट आईवडलांकडून येतो, नाडी जन्माच्या दिवशीच्या नक्षत्रावरून ठरते, आणि सख्ख्या बहिणींची नाडी वेगवेगळी असू शकते. नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर बाळाला काहीही धोका नसतो. बघायचं असतं ते हे: तू आरएच निगेटिव्ह आणि तो पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात डॉक्टरांना आधी सांगायचं, अँटी-डीचं इंजेक्शन वेळेवर दिलं की अडचण टळते. आणि दोघांनी थॅलेसेमियासाठी रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी म्हणतात तिला. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ते आधी माहीत असलं तर करता येण्यासारखं पुष्कळ असतं. या तपासणीला तो नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. तूही त्यानं ती करावी असा आग्रह धरू शकतेस, आणि त्या आग्रहाला कुणी अंधश्रद्धा म्हणणार नाही.

त्यालाही माझं एक सांगणं आहे, त्याला हे दाखवायचं असेल तर दाखव. "कागद बघून कळणार?" हे तुझं वाक्य बरोबर आहे, बाबा, पण ते ऐकून ती गप्प होते, घाबरायची थांबत नाही. तिला एकदा विचार की तिला नक्की कशाची भीती वाटते. आणि तुला कशाची वाटते, तेही सांग. तू फक्त तत्त्वासाठी अडला आहेस असं मला वाटत नाही. तिनं एखाद्या आकड्यावरून तुला सोडलं तर, ही भीती तिला सांगितलीस तर ती समजून घेईल. तुझ्या तत्त्वावर मात्र ती वाद घालत बसेल.

मुहूर्ताचं, ताई म्हणून, वेगळं सांगते. तुला पंचांग बघून तारीख काढायची असेल तर तिथे त्यानं तुझं ऐकावं, असं मी त्याला हक्कानं म्हणेन. मुहूर्त कुठल्या माणसाला पास-नापास करत नाही. दिवस मागेपुढे झाला तर हॉल मिळण्याची थोडी ओढाताण होईल, एवढंच. तुझ्या श्रद्धेला लग्नात जागा हवी ही तुझी मागणी रास्त आहे, आणि ती जागा इथे सहज होऊ शकते. त्याला आधी मुहूर्तापासून विचारून बघ. तो लगेच हो म्हणाला तर जन्मवेळेचं बोलणंही कदाचित वेगळ्या सुरात सुरू होईल.

घरी सांगायची तारीख अजून ठरली नसेल तर हे सगळं त्याआधी उरकून घ्या. एकदा दोन्हीकडच्या आया आणि गुरुजी यात आले की पहिला प्रश्न, तुझा तुझ्याशी असलेला, विचारायला तुला सवड मिळणार नाही.